तारखांची तफावत अहवालाआधी सांगावी

“ऑफर लेटर हातात आलं की व्हेरिफिकेशन नुसती औपचारिकता असते. तारखा चार-सहा महिने मागेपुढे असल्या किंवा पद थोडं वरचं लिहिलं असलं, तरी आपणहून तोंड उघडू नका. सापडलंच तर टायपिंगची चूक म्हणा,” असा सल्ला नोकरी बदलणाऱ्यांना अनेकदा मिळतो.

मुंबईतल्या एका कंपनीत उमेदवारांच्या जुन्या नोकऱ्यांच्या पडताळणीचे अहवाल वाचून निर्णय कळवणे हे माझे काम आहे, आणि या सल्ल्यामुळे अडचणीत आलेली चांगली मुले मी पाहिली आहेत.

‘औपचारिकता’ हा शब्द चुकीचा आहे, कारण नियुक्ती समाधानकारक पडताळणीवर अवलंबून राहील अशी अट बहुतेक ऑफर लेटरमध्येच असते. पडताळणी करणारी संस्था जुन्या कंपनीच्या एचआरकडून तारखा आणि पद विचारते, आणि अनेकदा पीएफच्या यूएएन खात्यातला सेवा-इतिहासही मागते. त्यात प्रत्येक आस्थापनेत रुजू झाल्याची आणि ती सोडल्याची तारीख वेगळी दिसते.

डोंबिवलीहून लोअर परळला येणाऱ्या एका उमेदवार मुलीने बँकेतली नोकरी जून २०१९ पासूनची लिहिली होती. ती जूनपासून बँकेतच बसत होती हे खरे. पण पहिले आठ महिने ती कंत्राटदाराच्या पेरोलवर होती आणि बँकेच्या पेरोलवर फेब्रुवारी २०२० मध्ये आली. पदही तिने ‘टीम लीडर’ लिहिले होते, नियुक्तिपत्रात मात्र ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ होते. पडताळणीच्या फॉर्मवर सही करण्याआधी तिने आम्हाला मेल केला, दोन्ही मालकांच्या तारखा वेगळ्या दिल्या, दोन्ही नियुक्तिपत्रे आणि कंत्राटदाराच्या पगारपावत्या जोडल्या, आणि सहा जणांचे काम तिच्याकडे सोपवल्याचा वरिष्ठांचा जुना मेलही दिला. फॉर्ममध्ये तिने पत्रातलेच पद लिहिले. बायोडेटाशी न जुळणाऱ्या या दोन्ही बाबी अहवालात आल्या, परंतु कारण फाइलमध्ये आधीच होते आणि तिची रुजू होण्याची तारीख बदलली नाही.

टायपिंगच्या चुकीची सबब इथे टिकली नसती. चूक एका ठिकाणी होते. तेच आठ महिने बायोडेटात, मुलाखतीत आणि ‘ही माहिती खरी आहे’ अशा घोषणेखाली सही केलेल्या फॉर्ममध्ये आले, तर वाचणाऱ्याला तो हेतू वाटतो.

आपणहून सांगितल्यास ऑफर जाईल, ही भीती मात्र सर्वस्वी निराधार नाही. रिकामा काळ झाकण्यासाठी ज्याने तारीख मुद्दाम ओढली आहे, त्याची ऑफर सांगूनही जाऊ शकते. म्हणूनच हे सध्याच्या नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी लेखी कळवावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. सध्याच्या कंपनीकडची चौकशी अनेकदा रुजू झाल्यानंतरच होते. तेव्हा तफावत उघडकीस आली, तर नवी नोकरी जाते आणि जुनी आधीच सुटलेली असते.