ओघळ कुठाय?

रविवारी सकाळी मी मिसळ खायला गेलो होतो. फोटो काढायला नव्हे, खायला. मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा अर्धा तास भरल्या हॉटेलात माझी उलटतपासणी झाली आणि वर मालकांनी मिसळीचे पैसेही लावले.

त्या हॉटेलाच्या भिंतीवर मिसळीचा चार फुटी फोटो आहे, तो मी काढलेला. शेजारच्या टेबलावर एक काका बसले होते. सफारी, खिशाला दोन पेनं. समोर मिसळ आलेली, पण खात नव्हते. एकदा भिंतीकडे बघायचे, एकदा ताटलीकडे. जुळ्या भावांत थोरला कुठला ते ठरवायला बोलावल्यासारखे.

"मालक, ह्या फोटोतली वाफ कुठाय?"

मालकांनी गल्ल्यावरून मान वर न करता माझ्याकडे बोट केलं. "ते काय, फोटोवाले तिथंच बसलेत. त्यांनाच विचारा."

काका ताटली उचलून माझ्या टेबलावर आले. "चौतीस वर्षं वजनमापे खात्यात होतो," ते म्हणाले. लोक नमस्कार करतात तसं. "फोटोत वाफ आहे, वाटीत नाही. म्हणजे एकतर माल गार, नाहीतर फोटो खोटा. बोला."

आता ही वाफ म्हणजे माझं दुखणं. मिसळ उकळती असली तरी तिला वाफ दिसत नाही, कारण वर तर्री असते. तेलाचा थर झाकणासारखा बसतो, खालच्या पाण्याची वाफ होऊ देत नाही. साध्या वरणातून वाफ येते आणि तोंड भाजणारी मिसळ शांत बसून राहते. त्यात पुण्याचा मे महिना. हवा गरम असली की थोडीफार निघालेली वाफही दिसायच्या आत विरते. फोटोच्या दिवशी आधी मी मालकांच्या आग्रहाखातर वाटीमागे उदबत्ती लावून पाहिली. धूर निळसर निघाला, बारीक दोरीसारखा सरळ वर गेला आणि मग वेटोळी घालायला लागला. मिसळ खायला ठेवली आहे की नैवेद्याला, कळेना. शेवटी मिसळ उचलली आणि त्याच जागी, त्याच खिडकीच्या उजेडात चहाचं आधण ठेवलं. पंखा बंद, मागे काळा पुठ्ठा, उजेड मागच्या बाजूनं, कारण समोरून उजेड टाकला तर वाफ दिसतच नाही. तो फोटो कॉम्प्युटरवर मिसळीच्या फोटोवर चढवला आणि त्याला Screen हा मोड लावला. काळं नाहीसं होतं, वाफ तेवढी उरते.

हे सगळं मी काकांना सांगितलं. प्रामाणिकपणाचा झटका, दुसरं काय.

"म्हणजे वाफ चहाची?"

"वाफ चहाची, पण मिसळ खरंच गरम असते हो. गरम म्हणून गरम दाखवली, त्यात काय खोटं?"

"वाफ नाही म्हणजे गार," काका म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी चमचाभर कट थेट तोंडात टाकला.

पुढचा मिनिटभर वजनमापे खातं बंद होतं. डोळ्यांतून पाणी, तोंड उघडं, हातानं वारा. अख्खा ग्लास पाणी पिऊन ते म्हणाले, "ठीक आहे. वाफ मान्य." मी जिंकलो असं मला वाटलं. माणसानं पहिल्या फेरीनंतर उठून जावं, एवढंही मला सुचलं नाही.

तसं पाहिलं तर वाफेच्या बाबतीत मी सोवळ्यातला माणूस. एका दुकानाच्या फोटोत मी आम्रखंडातून वाफ येताना पाहिली आहे! कित्येकांची वाफ शेवेतून आणि कांद्यातून निघते, फोटोच्या वरच्या कडेपर्यंत तेवढीच जाड जाते. खरी वाफ वीतभर वर गेली की विरते. आणि हाच वाफेचा फोटो मालकांनी घरपोच ऑर्डरच्या अ‍ॅपवर टाकायला मागितला तेव्हा मी नाही म्हणालो होतो. चाळीस मिनिटं डब्यात हिंदकळत आलेल्या कटाला कसली वाफ? भिंतीवर ती खरी, अ‍ॅपवर तीच थाप. त्या नकाराबद्दल माझे दीड हजार अजून अडकलेत, ते एक असो.

काकांनी मोर्चा कोथिंबिरीकडे वळवला. दोन पेनांतलं एक काढून फोटोतली पानं मोजली. "अकरा. इथं तीन, त्यात एक देठ." ह्यात माझा दोष नव्हता. मी मालकांना तेव्हाच विचारलं होतं, रोज किती घालता? मालक म्हणाले होते, चिमूटभर. मी चिमूटभरच घातली, फक्त बर्फाच्या पाण्यातून काढलेली आणि चिमट्यानं एकेक पान लावलेली. पुढं कोथिंबिरीची जुडी चाळीसला गेली आणि मालकांची चिमूट आखडली. "ती चिमूट त्यांची आहे," मी म्हणालो. मालक गल्ल्यातली नाणी मोजायला लागले.

मालकांना तर वाटीत आणखी एक वाटी उपडी घालायची होती, म्हणजे मटकीचा ढीग वर येतो. मी त्यांना अमेरिकेतल्या कॅम्पबेल सूपची गोष्ट सांगितली होती. जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून सुपात तळाला काचेच्या गोट्या टाकल्या, आणि १९७० साली तिथल्या व्यापार आयोगानं तसं पुन्हा न करण्याचा आदेश काढला. भाज्या खऱ्या होत्या, सूप खरं होतं, खोटा होता तो भरगच्चपणा. ही गोष्ट मी काकांनाही ऐटीत ऐकवली.

काका खूश झाले. मग म्हणाले, "आणि हा ओघळ?"

फोटोत वाटीच्या काठावरून तर्रीचा एक लालभडक ओघळ उतरतो आणि निम्म्यावर थांबतो. लोकांची नजर तिथंच जाते.

काकांनी चमचाभर तर्री घेतली आणि माझ्या देखत वाटीच्या बाहेरच्या अंगानं सोडली. ती क्षणभरही थांबली नाही. सुळकन खाली, ताटलीत थारोळं.

"तुमची का थांबली?"

मी पाव मोडत बसलो. थांबली, कारण ती तर्री नव्हतीच. रश्श्यात कॉर्नफ्लोअर शिजवून, तिखट घालून, बिनसुईच्या सिरिंजनं मी तो थेंब सोडला होता. दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"ओघळ दाट म्हणजे रस्सा दाट," काका म्हणाले. "काठावरून सांडतोय म्हणजे वाटी काठोकाठ. ही बघा, दोन बोटं रिकामी. ह्या तुमच्या गोट्याच की हो!"

आजूबाजूची चार टेबलं आपापल्या वाटीत बोट घालून बघायला लागली. एका बाईंनी लगेच जास्तीचं सॅम्पल मागितलं. चूक माझी होती, मान्य. पण गाडीच्या जाहिरातीत मोकळा रस्ता दाखवतात तेव्हा हे काका कुठं असतात? चार हजारांत पंधरा पदार्थ काढून द्यायचे, मिसळ आपल्याच पैशांनी खायची, आणि सत्याची जबाबदारीही आपलीच.

बुधवारी जाऊन मी तो फोटो पुन्हा काढला. फुकट. वाटी रोज भरतात तेवढीच भरली, खरी तर्री सोडली. नवव्या खेपेला शटर वेळेवर दाबला गेला. लांब पातळ ओघळ, खाली थारोळं. मालक म्हणाले, "दादा, हे पोरानं सांडल्यासारखं दिसतंय." मग मी ओघळच पुसला आणि नुसती वाटी काढली.

नवा फोटो लागलाय. काका दर रविवारी येतात, असं मालक सांगतात. काल त्यांचा फोन आला होता, काकांचा. माझा नंबर मालकांनीच दिला असणार.

"वाफ ठीक, ओघळ ठीक. कोथिंबीर आज पाच पानं. तुमच्या फोटोत अजून अकराच आहेत."