भाभींचं मेहेर बुडवण्याची सोपी रीत

भाऊ गेला, वाईट झालं. पण आता घरातले कर्ते पुरुष तुम्ही, आणि कर्त्या माणसाला रडत बसून चालत नाही. जनाजा उठायच्या आत एक काम उरकायचं असतं. ते तेव्हा राहिलं की नंतर फार जड जातं, म्हणून आधी तेच सांगतो.

दाभोळ असो, बाणकोट असो की म्हसळा, जनाजाच्या नमाजाआधी एक गोष्ट जाहीर केली जाते, ती तुम्हाला ठाऊकच आहे: मरहूमकडे कुणाचं काही देणं निघत असेल तर वारसांना भेटावं, किंवा माफ करावं. हे तुम्ही स्वतः म्हणा. आवाज जरा भरून आला तर उत्तमच. दफन आटोपल्यावर दोघंतिघं हळूच जवळ येतील. एक होडीला बर्फ पुरवणारा, एक वाणी, एक पतसंस्थेचा माणूस. त्यांना सांगा, चाळीस दिवसांत पैसे पोचते होतील. आणि खरंच पोचते करा. उद्या बंदरावर तोंड दाखवायचं आहे.

सगळ्यांत मोठी सावकारीण मात्र त्या गर्दीत नसते. ती माजघरात बसलेली असते. निकाहनाम्यावर नवऱ्याने तिला द्यायचं कबूल केलेलं सहा लाख मेहेर लिहिलेलं, त्यातला एक रुपया तिला कधी मिळालेला नाही. तिच्याकडे 'वारसांना भेटा' हा निरोप जाता कामा नये, फक्त 'माफ करा' एवढाच जावा. त्यासाठी तुम्ही जाऊ नका, थोरल्या फुफींना पाठवा. वेळ नीट साधा: चेहरा शेवटचा दाखवायला कफनाचं टोक बाजूला केलंय, बाहेर माणसं 'चला, उशीर होतोय' म्हणतायत, अशा वेळी फुफींनी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "बाय, मेहेर माफ केलं म्हण. कबरीत त्याच्यावर ओझं नको." ती काही बोलणार नाही. ओढणी तोंडात कोंबलेली असेल. मान हलेल, हुंदक्याने हलेल की होकाराने, ते पाच बायकांनी पाच तऱ्हांनी पाहिलेलं असेल. तुम्हाला त्यातली एक पुरे.

बर्फवाल्याला मात्र प्रेतासमोर उभं करून कुणी असं विचारत नाही, आणि विचारूही नये. तो बिचारा धंदेवाला माणूस.

आता एक बारीक अडचण. ही माफी जमातीच्या बैठकीत चालून जाते, कोर्टात नेऊ नका. मेहेर सोडून द्यायचा हक्क बायकोला आहे हे खरं, पण ते तिने राजीखुशीने, मन ठिकाणावर असताना सोडलेलं असावं लागतं. नवरा नुकताच गेलाय आणि बाई दुःखाने भांबावली आहे, अशा वेळी घेतलेली माफी तिला बांधत नाही, असं कलकत्ता हायकोर्टाने 1920 सालीच म्हणून ठेवलं आहे. तेव्हा मान हलली, ही गोष्ट पडवीतच फिरवत राहा.

पुढचं काम कागदाचं. निकाहनामा भाऊच्या लोखंडी कपाटात असेल. तो काढून घ्या, पण त्यावर फार विसंबू नका. काजीसाहेबांच्या रजिस्टरमध्ये नोंद असते, जमातीच्या दप्तरातही बहुधा प्रत असते. आणि समजा सगळेच कागद वाळवीने खाल्ले, तरी मेहेर काही शून्य होत नाही. रक्कम ठरलीच नव्हती किंवा सिद्ध होत नाही असं दिसलं, तर कोर्ट 'मेहेर-ए-मिस्ल' लावतं, म्हणजे तिच्या बापाच्या घराण्यातल्या मुलींना, तिच्या बहिणींना, फुफींना काय मेहेर बांधलं होतं, ते बघून आकडा काढतं. तिची धाकटी बहीण जर जहाजावरच्या इंजिनियराला दिलेली असेल, तर कागद सापडलेला बरा असं म्हणायची वेळ तुमच्यावर येईल.

'लग्नात अंगावर घातलेलं सोनं हेच मेहेर होतं' हेही म्हणून बघता येतं. सगळेच म्हणतात. फक्त देणं फिटलं असं जो म्हणतो, ते त्यालाच शाबीत करावं लागतं, आणि भाऊ आता साक्षीला येणार नाही.

यापेक्षा घराकडे लक्ष द्या. भाभी चार महिने दहा दिवस इद्दतीत बसणार, आणि रिवाजाप्रमाणे ती नवऱ्याच्याच घरात काढायची असते. तुम्ही मात्र कळकळीने म्हणा, "इथं त्यांची आठवण येऊन त्रास होईल, भावाकडे जाऊन राहा." यामागे कायद्याची मोठी मेख आहे. मेहेर हे साधं, बिनतारण कर्ज. घरावर, नारळ-पोफळीच्या वाडीवर त्याचा बोजा चढत नाही. पण विधवेने लबाडी किंवा दांडगाई न करता, मेहेरच्या बदल्यात नवऱ्याच्या मिळकतीचा ताबा घेतला, तर पैसे हातात पडेपर्यंत इतर वारस तिला हलवू शकत नाहीत. इंग्रजांच्या काळचं शेवटचं अपील कोर्ट, प्रिव्ही कौन्सिल, त्याने हमीरा बीबीच्या खटल्यात 1916 साली हे सांगितलं, आणि इतकी वर्षं देणं थकवल्याबद्दल तिला वाजवी मोबदलाही कबूल केला. म्हणजे भाभी वाडीत बसल्या, नारळ-सुपारी विकू लागल्या आणि उत्पन्नाचा हिशेब वहीत लिहू लागल्या, की संपलं. एकच दिलासा आहे. ताबा म्हणजे मालकी नव्हे. 1925 साली मैना बीबीच्या खटल्यात त्याच कौन्सिलने स्पष्ट केलं, की ताब्यातली मिळकत आपली म्हणून तिला कुणाला देऊन टाकता येत नाही. पण तुम्हाला ती विकायची घाई असेल, तर हा दिलासा काय कामाचा?

म्हणून म्हणतो, ती माहेरी गेली की कुलूप बदला.

मग वाटणी. इथे धर्म तुमच्या मदतीला येईल, फक्त अर्धा वापरा. बैठकीत सांगा, 'मूलबाळ असलेल्या विधवेचा हिस्सा एक-अष्टमांश, हे कुराणात आहे, मी पदरचं बोलत नाही.' सूरे निसाची बारावी आयत आहे, कुणी नाही म्हणणार नाही. त्याच आयतीत पुढे 'वसीयत आणि कर्ज वजा केल्यावर' असे शब्द आहेत, ते म्हणताना खोकला काढा. कारण भाभी त्या घरात दोन नात्यांनी उभ्या आहेत. आधी कर्ज वसूल करणाऱ्या म्हणून, नंतर वारस म्हणून. तुमचं सगळं कसब ही दोन माणसं एक करण्यात आहे: 'हिस्सा दिला ना, आणखी मेहेर कसलं?'

आकडे एकदा मांडूनच ठेवू, म्हणजे बैठकीत गडबड नको. भाऊच्या मागे भाभी, दोन मुली आणि तुम्ही. मुलगा नाही, आईवडील आधीच गेलेले. मुलगा असता तर तुमचा हिस्साच नव्हता, तेव्हा नशीब समजा. घर आणि वाडी वीस लाखांची, बँकेत आठ लाख, होडीतली भागी पाच लाखांची. एकूण तेहतीस. त्यातून कफन-दफनाचा खर्च, बर्फ, वाणी आणि पतसंस्था मिळून तीन लाख गेले. राहिले तीस.

सरळ रीतीने चाललात, तर यातून आधी मेहेरचे सहा लाख भाभींना. उरलेल्या चोवीस लाखांत त्यांचा अष्टमांश तीन लाख, मुलींना मिळून दोन-तृतीयांश म्हणजे प्रत्येकीला आठ लाख, आणि शिल्लक पाच लाख तुमचे. भाभींच्या हातात नऊ लाख पडले.

आता मेहेर बुडवून बघा. तीस लाखांचा अष्टमांश पावणेचार लाख भाभींना, मुलींना दहा-दहा लाख, तुम्हाला सव्वासहा. भाभी नवावरून पावणेचारांवर आल्या, म्हणजे काम फत्ते. पण त्यांचे सव्वापाच लाख गेले कुठे? चार लाख त्यांच्याच मुलींच्या नावावर, आणि तुमच्या पदरात सव्वा लाख. प्रेतासमोरची माफी, बदललेलं कुलूप, खोकला, सगळं मिळून सव्वा लाख. आणि मुली लहान असतील तर त्यांच्या पैशाला तुम्हाला हात लावता येत नाही, हेही कुणीतरी कानावर घालेलच. चुलता म्हणून आपण पालक, असं तुम्ही धरून चालला असाल. मुस्लिम कायद्यात बाप, बापाकडचे आजोबा आणि या दोघांनी वसीयतीने नेमलेला माणूस यांच्यापलीकडे अल्पवयीनाच्या मालमत्तेचा आपसूक पालक कुणी नसतो. चुलत्याने कोर्टाकडून नेमणूक आणायची, आणि हिशेबही तिथेच द्यायचा.

एवढं ऐकूनही हौस असेल, तर सगळ्यांत खात्रीचा उपाय शेवटी सांगतो. त्याला खर्च नाही, खोटं बोलावं लागत नाही. गप्प बसायचं. मेहेरचा दावा लावायला मुदत तीन वर्षांची, आणि आयुष्यभर मागितलंच नसेल तर ती नवऱ्याच्या मृत्यूपासून मोजतात. त्या तीन वर्षांत भाभींना नाही म्हणू नका. 'देऊ ना, घरचीच तर गोष्ट', 'यंदा होडी तोट्यात गेली', 'नारळी पुनवेनंतर बघू'. ईद आली की साडी, मुलींना कपडे, जमलं तर मोठ्या सुरमईचा अर्धा भाग. फक्त लिहून काही देऊ नका. 'मेहेरचे सहा लाख देणं आहे' असं मुदतीच्या आत कुठे सही करून कबूल केलंत, की तिथून पुन्हा तीन वर्षं नव्याने सुरू. जमातीच्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही मागतील, तेव्हा चष्मा घरी राहिलेला असावा.

मधल्या काळात भाभींच्या भावाने वकील गाठलाच, तर तुमचाही वकील तुम्हाला दोन गोष्टी सांगेल. पहिली गोड: सुप्रीम कोर्टाने 1950 साली ठरवलंय, की मेहेरला इतर बिनतारण देण्यांवर अग्रक्रम नाही. ते ऐकून खूश होऊ नका. वाणी आणि बर्फवाल्याच्या पुढे नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्यांच्या बरोबरीने आहे, आणि तुमच्या तर कितीतरी पुढे. दुसरी गोष्ट अशी, की मिळकत वाटून घेतली तरी देणं सुटत नाही. प्रत्येक वारसाच्या हिश्शामागे ते त्या प्रमाणात येतं. विकून टाकली तर प्रामाणिकपणे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा कुणी हात लावत नाही, पण तुमच्या हातात आलेल्या मालमत्तेइतकं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

तुमच्या हिश्शामागचं मेहेर किती, असं त्याला विचारून घ्या. तो कॅल्क्युलेटरवर तीसला पाच-चोविसांश करील, सहाला पाच-चोविसांश करील, आणि सव्वा लाख म्हणेल. मग दावा चालवायची त्याची फी विचारा.