‘क्षणाक्षणाला व्याज’ या मेसेजबद्दल खुलासा

“१२ टक्क्यांनी एक लाख टाका. व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात चढतं, म्हणून वाढीला मर्यादाच नाही. वर्षात दुप्पट!”

कापसाचे चुकारे हाती येताच हा मेसेज आपल्या तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. व्याज जितक्या जास्त वेळा चढेल तितकं जास्त मिळतं, हे खरंच आहे. पण दरवेळी चढणारा तुकडाही तितकाच लहान होतो, हे त्यात लिहिलेलं नाही.

वर्षात n वेळा व्याज चढलं, तर एका रुपयाचे (1 + 0.12/n)^n होतात. एक लाखावर वर्षातून एकदाच चढलं तर १,१२,००० रुपये, दरमहा चढलं तर १,१२,६८२, दररोज चढलं तर १,१२,७४७. n कितीही वाढवा, एका रुपयाचा आकडा e^0.12 च्या जवळ सरकतो, पण ओलांडत नाही; e म्हणजे सुमारे 2.718 ही गणितातली ठरलेली संख्या. ते कुंपण म्हणजेच सतत चक्रवाढ: १,१२,७४९ रुपये ६९ पैसे. रोजच्या व्याजापेक्षा जेमतेम सव्वादोन रुपये जास्त! एवढ्यासाठी कोणी इतका गाजावाजा करतं का?

मोबाईलच्या शीटमध्ये =100000*EXP(0.12) टाकून स्वतःच बघा. या दराने सतत व्याज चढूनही दुप्पट व्हायला सुमारे पावणेसहा वर्षं लागतात. वर्षाकाठी चढलं तर सहा वर्षं आणि महिना-दीड महिना.

कोणी योजना सांगितली, तर वर्षाअखेर हातात नेमके किती रुपये येणार ते लेखी मागा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपात हा हिशेब टाका.