खोटी आठवण ‘घातली’ म्हणजे नेमकं काय केलं?

मोबाइलवर फिरणारा एक फॉरवर्ड म्हणतो: “शास्त्रज्ञ आता नुसता लेझर मारून उंदराच्या मेंदूत हवी ती खोटी आठवण घालतात. हव्या त्या पेशी बटण दाबल्यासारख्या चालू-बंद करतात. उद्या मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने माणसाचंही हेच होणार.”

आधी ‘नुसता’ या शब्दाकडे बघू. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आठवणी नोंदवणारा भाग. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशीला प्रकाश कळत नाही. तिला तो कळावा म्हणून एक प्रथिन उसनं आणावं लागतं, आणि ते येतं क्लॅमिडोमोनास नावाच्या एकपेशीय हिरव्या शेवाळातून. हे शेवाळ प्रकाशाच्या दिशेने पोहतं, त्यासाठी त्याच्याकडे चॅनेलरोडॉप्सिन असतं. निळा प्रकाश पडला की या प्रथिनातलं छिद्र उघडतं आणि धनभारित आयन पेशीत शिरतात. चेतापेशीत असं झालं की ती पेटते, म्हणजे विद्युत संदेश पाठवते. २००५ मध्ये बॉयडेन, झांग, डाइसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी हे बशीत वाढवलेल्या चेतापेशींमध्ये करून दाखवलं. प्रकाशाने पेशी चालवण्याच्या या पद्धतीला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात.

जिवंत प्राण्यात हे करायचं तर प्रथिनाचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरतात. उंदराला भूल देऊन त्याचं डोकं चौकटीत पक्कं बसवतात, कवटीला बारीक भोक पाडतात आणि सुईने तो विषाणू ठरलेल्या जागी सोडतात. मग ऑप्टिकल फायबर आत उतरवून ते दंतवैद्यांच्या सिमेंटने कवटीला चिकटवतात. पेशींत प्रथिन तयार व्हायला दिवस, कधी आठवडे जातात. लेझरची पाळी त्यानंतर येते.

आता आठवणीचा प्रयोग. हा एमआयटीत सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्टीव्ह रमिरेझ आणि शू लिऊ हे त्यातले प्रमुख संशोधक. त्यांच्या युक्तीचा पाया म्हणजे सी-फॉस नावाचं जनुक. नुकतंच जोरात काम केलेल्या चेतापेशीत ते जागं होतं. संशोधकांनी अशी व्यवस्था केली की सी-फॉस जागं झालं तर त्या पेशीत चॅनेलरोडॉप्सिन बनावं, पण उंदराच्या खाण्यात डॉक्सिसायक्लिन हे औषध असेपर्यंत बनू नये. म्हणजे औषध थांबवलेल्या काळात ज्या पेशी पेटतील, तेवढ्यांवरच खूण उमटणार.

औषध थांबवून उंदराला एका खोक्यात फिरू दिलं. त्याला ‘अ’ म्हणू. तिथे त्याला काहीही त्रास दिला नाही. हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट गायरस या भागात ‘अ’ची ओळख ज्या पेशींनी नोंदवली, त्यांत चॅनेलरोडॉप्सिन आलं. औषध पुन्हा सुरू करून खूण तिथेच थांबवली. दुसऱ्या दिवशी उंदीर वेगळ्या खोक्यात, ‘ब’मध्ये. तिथे पायाला विजेचे सौम्य झटके दिले, आणि त्याच वेळी फायबरमधून निळ्या प्रकाशाचे झपके सोडून ‘अ’च्या पेशी पेटवल्या. पुढच्या दिवशी उंदराला ‘अ’मध्ये परत सोडलं, तर तो भीतीने जागच्या जागी थिजला, जिथे त्याला कधीच झटका बसला नव्हता तिथे.

‘खोटी आठवण’ म्हणतात ती ही. पण यात ‘अ’ची आठवण उंदराने स्वतः, पायांनी फिरून मिळवली होती, आणि झटकाही खराच होता. संशोधकांनी फक्त या दोन खऱ्या गोष्टींची गाठ चुकीच्या जागी मारली. न पाहिलेलं खोकं किंवा न बसलेला झटका त्यांनी लिहिलेला नाही. ‘हवी ती’ आठवण यातून कशी निघते, हे मला तरी समजलेलं नाही.

ही भीती सरसकट नव्हती, हे कशावरून? याच उंदरांना तिसऱ्या, अनोळखी खोक्यात ठेवलं तेव्हा ते तसे थिजले नाहीत. काही उंदरांच्या पेशींत फक्त चमकणारं प्रथिन होतं, चॅनेलरोडॉप्सिन नव्हतं. त्यांनाही प्रकाश आणि झटके दोन्ही मिळाले, पण ‘अ’मध्ये ते घाबरले नाहीत. आणि डेंटेट गायरसऐवजी शेजारच्या सीए१ भागातल्या पेशींवर खूण करून हेच केलं, तेव्हा खोटी भीती तयारच झाली नाही. ‘मेंदूत कुठेही लेझर मारा’ ही समजूत या एका निष्कर्षानेच मोडते.

बटणाच्या उपमेत चालू करणारी बाजू त्यातल्या त्यात बरी आहे. बंद करणारी बाजू मात्र फार लबाड. त्यासाठी बरेचदा हॅलोरोडॉप्सिन हे दुसरं प्रकाशसंवेदी प्रथिन वापरतात. पिवळ्या प्रकाशात ते पेशीत क्लोराइड ओढतं आणि पेशी गप्प होते. पण बराच वेळ ओढत राहिलं तर आत क्लोराइड साचतो, आणि एरवी पेशीला शांत करणारा गाबा या मेंदूतल्या रसायनाचा संदेश उलटा तिला चेतवू लागतो. आर्कीरोडॉप्सिन हे तसंच आणखी एक प्रथिन प्रोटॉन बाहेर फेकून पेशी दाबतं. पण चेतातंतूच्या टोकावर ते मिनिटभर सतत चालवलं, तर टोकातून पुढच्या पेशीला संदेश देणारं रसायन कमी पाझरण्याऐवजी जास्त पाझरतं, असं २०१६ मध्ये दिसलं. आपण बंद केलं असं समजायचं आणि आत गळती वाढलेली!

‘नुसता लेझर’ हे शब्द एका अर्थाने खरेही ठरतात, पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नाही. २०१९ मध्ये असं दिसलं की कोणतंही प्रकाशसंवेदी प्रथिन नसताना नेहमीच्या मात्रेतला प्रकाश मेंदूच्या स्ट्रायटम भागातल्या पेशींना दाबतो आणि उंदराच्या वळण्याची दिशाही बदलतो. कारण साधं आहे, ऊतक तापतं. म्हणून असा निष्कर्ष वाचताना मी पहिल्यांदा शोधतो ते प्रथिनाविना तोच प्रकाश मिळालेले उंदीर. ते नसतील तर बदल पेशी निवडल्यामुळे झाला की उष्णतेमुळे, हे सांगता येत नाही.

राहिला मोबाइल. चॅनेलरोडॉप्सिन नीट उघडायला पेशीजवळ दर चौरस मिलिमीटरला साधारण १ मिलिवॅट प्रकाश लागतो. ०.२ मिलिमीटर जाडीच्या फायबरमधून १० मिलिवॅट सोडले, तर टोकाशी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३०० मिलिवॅट मिळतात. मेंदूत प्रकाश पसरतो आणि विखुरतो, त्यामुळे जेमतेम १ मिलिमीटर पुढे त्याचा शंभरावा हिस्सा उरतो. फायबर थेट आत घालावं लागतं ते यासाठीच. फोनची स्क्रीन कपाळाला टेकवली तरी तिचा प्रकाश त्या १ मिलिवॅटच्या शेकडो पटींनी कमी असतो, आणि त्यातला निळा भाग आणखी कमी. मध्ये त्वचा आणि कवटी आहेच. शिवाय तिथे पोहोचून तो उघडणार काय? आपल्या मेंदूतल्या पेशींत ते शेवाळाचं प्रथिन नाही.

माणसात ही पद्धत वापरली गेली आहे, पण डोळ्यात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीत दृष्टिपटल हळूहळू निकामी करणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारामुळे अंध झालेला ५८ वर्षांचा एक रुग्ण होता. त्याच्या एका डोळ्यात विषाणूद्वारे प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक सोडलं, आणि अनेक महिन्यांच्या सरावानंतर खास गॉगल लावून त्याला समोरच्या टेबलावरची वस्तू कुठे आहे ते सांगता आलं. त्यासाठी निवडलेलं क्रिमसनआर हे प्रथिन निळ्या नव्हे, तांबूस पिवळ्या प्रकाशावर चालतं, कारण तेवढ्या तीव्रतेचा निळा प्रकाश दृष्टिपटलाला अधिक घातक असतो.