लॅपटॉपच्या बिलावर दोन ओळी कमी असल्या की काय होते

आज दुपारपासून माझा संताप उतरलेला नाही. ऐरोलीला राहणारी माझी भाची घरून ग्राफिक डिझाइनची कामे करते. तिचा लॅपटॉप अचानक बंद पडला, म्हणून ती तो सर्व्हिस सेंटरला घेऊन गेली आणि तिथूनच तिने मला रडवेल्या आवाजात फोन केला. "मावशी, हे म्हणतात की मदरबोर्ड गेलाय आणि या मशीनची वॉरंटी जूनमध्येच संपली आहे. पण मी तर लॅपटॉप दिवाळीत घेतला होता!"

ठाण्यात फ्रीलान्सर मंडळींचे हिशेब आणि रिटर्न भरण्याचे काम मी करते, त्यामुळे पुढचा प्रश्न मी तिला न विचारताही उत्तर मला ठाऊक होते. मी तिला बिलाचा फोटो पाठवायला सांगितले. बिलावर लिहिले होते: "लॅपटॉप, १६ जीबी, १ नग". ग्राहकाच्या नावाच्या जागी "कॅश" आणि रकमेच्या जागी ८२,६०० रुपये. मशीनचा सीरियल नंबर नाही, तिचे नाव नाही, तिचा जीएसटी क्रमांकही नाही. तिने दुकानात तो सांगितला होता, पण काउंटरवरचा मुलगा "नंतर टाकून देतो" म्हणाला होता.

आधी वॉरंटीचे सांगते, कारण आज तिचे काम त्यामुळे अडले आहे. मशीन दुकानात येण्यापूर्वीच, वितरकाकडे माल पाठवल्याच्या तारखेपासून, कंपनीच्या नोंदीत वॉरंटी सुरू झालेली असू शकते. हे मशीन तसेच काही महिने गोदामात आणि दुकानात पडून राहिले होते. अशा वेळी खरेदीचे बिल दाखवले की तारीख दुरुस्त करून मिळण्याची सोय बऱ्याच कंपन्यांकडे असते. मात्र ते बिल याच मशीनचे आहे हे दिसायला हवे, आणि ते फक्त सीरियल नंबरावरून दिसते. "लॅपटॉप, १ नग" हे वर्णन त्या दुकानातल्या कोणत्याही लॅपटॉपला लागू पडते. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने तिला नेमके हेच सांगितले, आणि त्याच्यावर मला रागावता येत नाही.

जीएसटीच्या नियमांत बिलावर काय हवे याची जी यादी आहे, तिच्यात मशीनचा सीरियल नंबर नाही, हे मला मान्य करावे लागेल. म्हणजे दुकानदाराने कायदा मोडला असे या बाबतीत म्हणता येणार नाही. पण खोक्यावर बारकोडसह छापलेला नंबर बिलात घ्यायला स्कॅनरने एक क्षण लागतो, आणि तेवढेही न करणाऱ्याने "कंपनीची वॉरंटी आहे, काळजी करू नका" असे सांगून माल विकू नये.

आता जीएसटी क्रमांकाचे पाहू. तिथे मात्र चूक सरळसरळ दुकानाची आहे, कारण नोंदणी असलेल्या ग्राहकाचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक बिलावर असणे नियमानेच बंधनकारक आहे. या ८२,६०० रुपयांत मूळ किंमत ७०,००० आणि १८ टक्क्यांनी कर १२,६०० रुपये आहे, म्हणजे केंद्राचे ६,३०० आणि राज्याचे ६,३००. बिलावर तिचा क्रमांक असता आणि दुकानाने आपल्या रिटर्नमध्ये ते बिल त्या क्रमांकावर दाखवले असते, तर हे १२,६०० रुपये जीएसटी पोर्टलवर तिच्या जीएसटीआर-२बी या खरेदीवरच्या कराच्या विवरणात उमटले असते आणि ग्राहकांकडून घेतलेल्या करातून तिला ते क्रेडिट म्हणून वळते करता आले असते. आज तिथे काहीही दिसत नाही, कारण दुकानाने ही विक्री किरकोळ ग्राहकाला झाल्याचे दाखवले आहे.

मी स्वतः दुकानात फोन केला. मालक म्हणाले, "ताई, बिल घेऊन या, पेनाने नंबर लिहून शिक्का मारून देतो." हे ऐकून माझा पारा चढला, कारण पेनाने लिहिलेला क्रमांक पोर्टलवर उमटत नाही. दुरुस्ती दुकानाच्या रिटर्नमध्येच व्हावी लागते. त्यावर ते म्हणाले की तो महिना भरून झाला, आता काही होत नाही. हेही खरे नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, दुकानाने वार्षिक रिटर्न त्याआधीच भरलेले नसेल तर, पुढच्या एखाद्या महिन्याच्या रिटर्नमध्ये ती दुरुस्ती करता येते. तिलाही क्रेडिट घेण्यासाठी तीच मुदत आहे, म्हणून मी तिला सगळे आजच लेखी मागायला लावले.

क्रेडिट न मिळाले तरी ती रक्कम अगदीच बुडत नाही, हेही सांगायला हवे. क्रेडिट घेतले तर आयकरात ७०,००० रुपयांवर घसारा, म्हणजे वापराने किंमत घटते त्याची वजावट, मिळतो, आणि न घेतले तर पूर्ण ८२,६०० रुपयांवर मिळतो. एकाच कराचा लाभ दोन्हीकडे घेता येत नाही. संगणकाचा घसारा वर्षाला ४० टक्के असतो. दिवाळीतली खरेदी मार्चअखेर १८० दिवसांपेक्षा कमी वापरली जात असल्याने पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के मिळतो. ७०,००० वर ते १४,००० रुपये होतात आणि ८२,६०० वर १६,५२० रुपये. पण ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. हातात येणाऱ्या १२,६०० रुपयांची बरोबरी या वजावटीने होत नाही. शिवाय बिलावर "कॅश" हे नाव असेल, तर मशीन तिच्या व्यवसायासाठी घेतले हे तिला बँकेच्या नोंदीवरून सिद्ध करत बसावे लागते. सुदैवाने तिने सगळी रक्कम कार्डाने दिली होती. एका दिवसात एका विक्रेत्याला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली असती, तर ती रोख रक्कम घसाऱ्यासाठी मालमत्तेच्या किमतीत धरलीच गेली नसती. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरणाऱ्यांना हा खर्च वेगळा दाखवता येत नाही, म्हणून त्यांना घसाऱ्याची चिंता नसते, पण वॉरंटी त्यांनाही लागतेच.

आता थोडी शांत होऊन लिहिते, कारण तुमच्यापैकी अनेक जण या दिवाळीत लॅपटॉप घेतील. पैसे देण्याआधी बिलाचा मसुदा स्क्रीनवर पाहायला मागा. नाव नोंदणीत आहे तसेच, आपला पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक, मॉडेलचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर त्यात आहे की नाही ते वाचा. बॅग, माऊस किंवा वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिची स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र रक्कम मागा, नाहीतर लॅपटॉपची खरी किंमत आणि वाढीव वॉरंटी घेतल्याचा पुरावा दोन्ही एकाच आकड्यात विरघळतात. परराज्यात प्रत्यक्ष दुकानात जाऊन घ्याल, तर तिथला राज्य कर लागतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचे क्रेडिट मिळत नाही. ऑनलाइन मागवून पत्ता ठाण्याचा दिलात आणि विक्रेता परराज्यातला असला, तर आयजीएसटी हा आंतरराज्य कर लागतो आणि त्याचे क्रेडिट चालते.

मशीन सुरू केल्यावर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही ओळ टाका:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

दिसणारा नंबर बिलावरच्या, खोक्यावरच्या आणि मशीनच्या तळाशी असलेल्या स्टिकरवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहा, कारण शून्य आणि ओ यांत हाताने टाकताना गफलत होते. नंबर जुळत नसतील, तर दुकानातून निघण्यापूर्वीच बिल बदलून घ्या. थर्मल कागदावरचे बिल वर्षभरात पुसट होते, त्यामुळे त्याची पीडीएफ ईमेलवर मागून घ्या.