घाटकोपरचे मामा आणि माझी साडेतीन मिनिटं

ताई-भावोजींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये कार्यक्रम, आणि भाचीने मला फर्मान सोडलं, मामा तू साडेतीन मिनिटं बोलायचंस, सहनशीलता, क्षमा आणि कृतज्ञता. ठीक आहे. सावकाश बोललं तर साडेतीन मिनिटांत चारशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे एका विषयाला एकच प्रसंग.

आता सहनशीलता म्हटलं की आपल्याकडे वक्ता थेट बायकोकडे वळतो. "तिने किती सोसलं, पण कधी तोंडातून ब्र काढला नाही." समोर बसलेल्या बायका कसनुशा हसतात आणि पुरुष टाळ्या वाजवतात. मला हे डोक्यात जातं. सोसणं ही काय बायकोच्या नावावर केलेली एफडी आहे का? म्हणून मी मुद्दाम भावोजींचा प्रसंग घेतला, 26 जुलै 2005. लोकल बंद, फोन बंद, वीज गेलेली, आणि भावोजी कुर्ल्यापासून रुळांवरून अठरा किलोमीटर चालत दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात घरी पोचलेले. आमच्या घरात हा प्रसंग शिवचरित्राच्या खालोखाल सांगितला जातो.

मी नुकताच "कमरेएवढ्या पाण्यातून" इथवर आलो होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "कुर्ला नव्हे, विद्याविहार!"

घाटकोपरचे मामा. म्हणजे भावोजींचे मामा. सफारी, गळ्यात सत्काराची शाल, हातात हराभरा कबाब, कारण वेटर भाषण चालू असतानाच स्टार्टर फिरवत होते (हॉलवाल्यांना याबद्दल एक मिनिट मौन पाळायला लावलं पाहिजे). मी म्हटलं, बरं मामा, विद्याविहार. पुढे जातोय तर मागून कोणीतरी म्हणालं, आमची गाडी सायनला अडकलेली. दुसरा म्हणे मी कलिनाला बसच्या टपावर होतो. बस्स. मुंबई-ठाण्याच्या माणसासमोर 26 जुलैचं नाव काढलं की प्रत्येकाला आपलं पाणी दुसऱ्याच्या पाण्यापेक्षा दोन इंच जास्त दाखवायचं असतं. हॉलभर पूर आला आणि मी माइक धरून मधोमध उभा.

"आणि रात्रभर न थांबता चालत," मी जरा आवाज चढवला.

"अहो चालत कसला!" मामांनी कबाब प्लेटमध्ये ठेवला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "रात्रभर आमच्याकडे होता की हा. मेणबत्ती लावून रमी खेळलो आम्ही. पिठलं-भात केला होता हिने. आणि हा हरला, माझे पैसे अजून यायचेत!"

हॉल गप्प. भावोजी बुकेतली फुलं मोजायला लागले. मी क्षमेच्या मुद्द्यासाठी एक अगदी निरुपद्रवी प्रसंग आणला होता, भावोजी वाढदिवस विसरतात वगैरे. क्षमेचा प्रसंग निवडताना मी एक नियम पाळतो, ज्यावर ते दोघं आधीच हसून झालेत तेवढंच सांगायचं, नवीन गुन्हा स्टेजवर उघडायचा नाही. इथे मामांनी चौकशी आयोगच बसवला.

ताईने शांतपणे माझ्या हातातला माइक घेतला. "मामा, मला तेव्हाच कळलं होतं. रात्रभर पाण्यातून आलेल्या माणसाच्या अंगात कोरडा, इस्त्रीचा शर्ट, आणि तोही तुमचा, खिशाला शाईचा डाग असलेला. मीच नाही का धुऊन गणपतीत तुम्हाला परत दिला?"

"हां, तो चेक्सचा!" मामा खूष.

भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वीस वर्षं हा माणूस आल्यागेल्याला अठरा किलोमीटर सांगत होता आणि ही शेजारी बसून चहा ओतत होती. "का नाही बोललीस?" त्यांनी विचारलं, माइकमध्ये नाही, पण ऐकू आलं. "जिवंत आलात ना, मग शर्टावरून काय भांडायचं. आणि नंतर तुम्ही इतकं रंगवून सांगायचात, खरं बोलायला माझाच जीव होईना."

यावर टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. लोक उठून कोणाला भेटले? मामांना. "काय बोललात मामा!" माझा कागद हातातच, आणि निवेदिकाबाई म्हणतात, चला आता कपल गेम.

माझी कृतज्ञता तशीच राहिली ना पण! ती माझ्या मते सगळ्यात नीट लिहिलेली होती, कारण "सर्वांचे आभार" म्हणजे कोणाचेच नाहीत, आभार एका माणसाचे आणि एका कामाचे मानायचे असतात. ते होते ताईच्या शेजारच्या काकूंचे. त्या रात्री दोन वर्षांच्या भाचीला त्यांनी खाऊ घालून स्वतःकडे झोपवलं आणि ताईबरोबर सकाळपर्यंत जिन्यात बसून राहिल्या. नवीन पैठणी नेसून त्या पाचव्या रांगेत होत्या, स्टेजवर कोणी बोलावलं नाही की शाल दिली नाही. शाल मामांना, ज्यांनी नवऱ्याला रमी खेळत बसवलं.

शेवटी मी काकूंना जिलबीच्या काउंटरवर गाठलं आणि कागद काढून तो अख्खा परिच्छेद उभ्याउभ्या वाचून दाखवला. त्यांनी मन लावून ऐकला, मान डोलवली आणि म्हणाल्या, "जरा मोठ्याने वाच रे, डीजे चालू आहे."