मामा, भाषण नको, नुसतं बोला

सूत्रसंचालन करणाऱ्या माणसाला दीड मिनिटाच्या व्हिडिओसाठी आवाज द्यायला सांगणं म्हणजे पंगतीच्या आचाऱ्याला एकट्यापुरता चहा टाकायला सांगण्यासारखं आहे. त्याचा हात आधी मोठ्या पातेल्याकडेच जाणार. आमच्या डोंबिवलीत वाढदिवसापासून सत्यनारायणापर्यंत, जिथे माइक असेल तिथे मला बोलावतात. कधीकधी नाही बोलावलं तरी मी जातो. त्यामुळे भाचा म्हणाला, "मामा, एका पतसंस्थेचा छोटा व्हिडिओ आहे, ओटीपीच्या फसवणुकीबद्दल. आवाज तुमचा घेऊ या," तेव्हा हे काम दीड मिनिटात संपेल असा माझा सरळ हिशेब होता.

पहिलं पान हातात आलं आणि पहिल्याच वाक्याला दम लागला. पतसंस्थेने पाठवलेला मजकूर असा होता: "आपल्या नोंदणीकृत भ्रमणध्वनी क्रमांकावर प्राप्त झालेला एकवेळ वापरावयाचा सांकेतिक क्रमांक संस्थेच्या कर्मचाऱ्यांसह कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीस उघड करू नये." मी छाती भरून सुरुवात केली. 'त्रयस्थ'पर्यंत पोचेतो मला स्वतःलाच कोणीतरी धरायची गरज होती. भाच्याने शांतपणे मोबाइलमधलं घड्याळ दाखवलं. सगळा मजकूर २६० शब्दांचा होता आणि व्हिडिओ ९० सेकंदांचा. समजेल अशा बेताने मराठी बोलायचं तर मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. आपले शब्द लांब असतात, त्यांना प्रत्ययांची शेपटं असतात. 'कर्मचाऱ्यांसह' मोजताना एक शब्द, बोलताना अर्धी आगगाडी. म्हणजे ९० सेकंदांत १६५ शब्द, तेही चित्रासाठी मध्ये जागा न सोडता. उरलेले शंभर शब्द मी वेगात म्हणून टाकतो, असा प्रस्ताव मी मांडला. तो म्हणाला, "म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी म्हणतात तसं?"

मग मजकूर कापायला बसलो. कात्री शब्दकोशाने नव्हे, श्वासाने लावायची असते, हे त्या दिवशी कळलं. वाक्य मोठ्याने म्हणायचं, श्वास संपतो तिथे रेघ मारायची. रेघ शब्दाच्या पोटात आली तर वाक्य मोडून दोन करायचं. त्या अजस्र वाक्याचं शेवटी असं झालं: "मोबाइलवर ओटीपी आला? / तो फक्त तुमचा. // कोणालाही सांगू नका. / समोरचा म्हणाला, 'मी संस्थेतून बोलतोय', / तरी नाही." एक तिरपी रेघ म्हणजे क्षणभर थांबायचं, दोन म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलू द्यायचं. हे दोन रेघांचं थांबणं मला फार जड गेलं. व्यासपीठावर आम्ही शांतता होऊच देत नाही. झाली की लोक जेवणाकडे बघायला लागतात. पण इथे बघणाऱ्याला आधी चोरट्याचा फोन दिसायला हवा, मग तो कळायला हवा, मग माझं पुढचं वाक्य. मी बोलत राहिलो तर तो माझंही ऐकत नाही आणि चित्रही बघत नाही.

आकडे हे आणखी एक दुखणं. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा राष्ट्रीय क्रमांक १९३०. कागदावर चार अंक, कसलाही त्रास नाही. मी वाचलं, "एकोणीसशे तीस." भाचा म्हणाला, "मामा, मिठाचा सत्याग्रह नाही सांगायचाय. फोन लावायचाय." बरोबरच होतं, ऐकणाऱ्याचं बोट आकड्यांवर पडायचं असतं. म्हणून "एक, नऊ, तीन, शून्य." प्रत्येक अंकाबरोबर पडद्यावर एकेक आकडा उगवणार. त्याला दोन-अडीच सेकंद लागतात, म्हणून तेवढ्या वेळेपुरते शब्द दुसरीकडून काढले. बळी गेला तो अध्यक्षांच्या मनोगताचा.

शब्द १५०च्या आत आल्यावर आवाजाकडे वळलो. माझा पहिला नमुना ऐकून भाच्याने हेडफोन काढून ठेवले. "मामा, तुम्ही पाचशे लोकांशी बोलताय. हा व्हिडिओ एक आजी मोबाइल कानाजवळ धरून बघणार आहे." मी म्हटलं, आवाजात ऊब आणतो, आणि घशातून खर्ज काढला. तोंड माइकच्या अगदी जवळ नेलं, कारण जवळ गेलं की आवाज भरदार वाटतो. या एकाच बाजूने ऐकणाऱ्या माइकचा तो गुणच आहे. जवळून बोललेल्या आवाजाचा खर्ज तो फुगवतो. पण ऐकताना मी आजींना सावध करतोय असं न वाटता, ओटीपी मागणारा मीच आहे असं वाटत होतं.

ऊब आणायचा भाच्याचा उपाय साधा होता. समोरच्या खुर्चीवर त्याने माझ्या सासूबाईंना बसवलं. त्यांना खरंच असे फोन येतात, आणि त्या चोरट्यांशी प्रेमाने बोलतात. "मित्रांनो" नाही, "प्रेक्षकहो" नाही. फक्त यांना सांगा. आश्चर्य म्हणजे माझा आवाज आपोआप खाली आला. वाक्याच्या शेवटी टाळ्यांसाठी स्वर वर न्यायची माझी सवयही सुटली, कारण सासूबाई टाळ्या वाजवतील अशी शक्यता नव्हती. बोलताना जरा हसायचं, ही युक्तीही खरी आहे. ओठ ताणले की तोंडाची पोकळी आखूड होते आणि स्वर उजळतो. न दिसणारं हसू ऐकू येतं. पण ते कुठे हसायचं हे ठरवावं लागतं. "तुमच्या खात्यातून पैसे गेले असतील तर" हे वाक्य मी हसतमुखाने म्हटलं, तर जणू लॉटरी लागल्याचं अभिनंदन झालं. सासूबाई म्हणाल्या, "यांना आनंद झालाय."

'पतसंस्था', 'पैसे', 'पासवर्ड', 'फोन', 'फसवणूक' हे शब्द कोणी एकाच मजकुरात ठेवले कोण जाणे! तोंडासमोर हात धरून 'पतसंस्था' म्हणून बघा. तळव्यावर हवेचा फटका बसतो. तोच माइकच्या पडद्यावर बसला की 'धप्प' ऐकू येतं, आणि नंतर ते नीट निघत नाही. म्हणून माइक तोंडासमोर न ठेवता वीतभर अंतरावर जरा तिरका ठेवायचा. रोख ओठांकडेच, पण हवा बाजूने निघून जाते. माझा कडक इस्त्रीचा झब्बाही भाच्याने उतरवला. त्याची खळ माझ्याआधी बोलत होती.

खरी कसोटी मात्र शांत खोलीची. तीन खोल्यांच्या घरात शांत खोली म्हणजे काय, हे ज्याने शोधलं असेल त्यालाच कळेल. भाच्याने प्रत्येक खोलीत एकेक टाळी वाजवली. बाहेरच्या खोलीत टाळीला टणकारा आला, स्वयंपाकघरात तर भांड्यांनी साथ दिली. निजायच्या खोलीत, कपाटाची दारं सताड उघडून वाजवली तेव्हा टाळी मेली. मेलेली टाळी हवी असते, हे माझ्यासारख्याला पचायला वेळ लागला. साड्या, शाली, स्वेटर सगळं आवाज पिऊन टाकतं. मी माइकभोवती गोधडीचा छान तंबू ठोकला, तर त्याने तो सोडवून गोधडी माझ्या पाठीमागे टांगली. "माइकचं तोंड तुमच्याकडे आहे, मामा. म्हणजे तुमच्या मागची भिंत त्याला दिसते. गोधडी तिला हवी."

पंखा बंद, मोबाइल विमानात असल्यासारखा. फ्रिजही बंद, कारण त्याची घरघर कानाला सवयीची झालेली असली तरी माइकला नसते. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून भाच्याने माझ्या स्कूटरची किल्ली आत, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली. ध्वनिमुद्रणवाल्यांची ही जुनी युक्ती. किल्लीशिवाय माणूस घर सोडत नाही. बायकोने भाजी काढायला फ्रिज उघडला, किल्ली पाहिली आणि काहीही न विचारता बंद केला. इतक्या वर्षांत तिने माझ्याबद्दलचे प्रश्न कमी केलेत.

पण गोधडी खोलीतला घुमारा मारते, बाहेरचा आवाज अडवत नाही. त्याला जाड भिंत लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखाली टॉवेल कोंबला, खिडकीला कडी घातली, तरी पहिल्या वाक्याला शेजारचा कुकर, दुसऱ्याला सोसायटीची पाण्याची मोटर. "तो फक्त तुमचा" म्हणतोय तोच खाली भंगारवाला आला. हल्ली तो स्वतः ओरडत नाही, गाडीवर भोंगा आणि त्यात भरलेला आवाज. "जुनं भंगार... रद्दी पेपर... लोखंड, पत्रा, बॅटरी..." मी चिडलो होतो, भाचा मात्र मन लावून ऐकत होता. "मामा, दोन शब्द आणि मग थांबतोय, बघा. माणसाला गॅस बंद करून खिडकीत यायला वेळ मिळतो." ज्याच्यामुळे माझं वाक्य वाया गेलं त्याच्याकडून वाक्य कसं टाकावं हे शिकायची वेळ आली.

दुपारी अडीच ते चार हा आमच्या इमारतीचा निवांत वेळ निघाला. तेव्हा कुकर झोपतात आणि मोटरही. त्या वेळात काम झालं. अडखळलो की पुन्हा पहिल्यापासून नाही. एक टाळी वाजवायची आणि तेच वाक्य अख्खं परत म्हणायचं. टाळीचा सुळका पडद्यावर लगेच दिसतो, कापणाऱ्याला जागा सापडते. शेवटी भाचा म्हणाला, "आता तीस सेकंद कोणी काही बोलू नका." रिकाम्या खोलीचा आवाजही भरून घ्यावा लागतो. दोन वाक्यांच्या मध्ये पूर्ण शून्य ठेवलं तर व्हिडिओ बंद पडल्यासारखा वाटतो, म्हणून तिथे त्या खोलीचीच शांतता लावतात. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. विसाव्या सेकंदाला माझं पोट बोललं, सविस्तर. दाराबाहेरून आवाज आला, "पोहे खाऊन घ्या म्हटलं होतं."

व्हिडिओ झाला, संचालक मंडळाने पाहिला, आणि आठवड्याने व्यवस्थापकांचा फोन आला. "सगळ्यांना फार आवडलं, साहेब. फक्त एक बारीक बदल. तुम्ही 'आमच्या सात शाखांपैकी कोणत्याही शाखेत या' म्हटलंय ना, परवा आठवी उघडली." तेव्हा मला सर्दी झालेली. मी त्यांना समजावलं की नुसता 'आठ' चिकटवता येत नाही, वाक्याचा चढउतार जुळायला ते अख्खं म्हणावं लागतं. तोच माइक, तेच अंतर, तेच कपाट, आणि मुख्य म्हणजे तेच नाक लागतं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका शब्दासाठी कशाला त्रास घेता? आमच्या शिपायाचा आवाज खणखणीत आहे. तेवढा 'आठ' त्याच्याकडून घेऊ का?"

मी हो म्हणणारच होतो, पण भाच्याने फोन काढून घेतला.